आईची डावी पापणी

बडोद्यात दांडिया बाजारात आमचा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि जुन्या फोटोंची दुरुस्ती ही तिन्ही कामं चालतात. दोन वर्षांपासून दुरुस्तीच्या कामात मी इनपेंटिंग वापरते, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग एआय मॉडेलकडून नव्याने काढून घेते. कोणता भाग ते सांगायला फोटोवर काळा-पांढरा मास्क ठेवायचा. फोटोच्या ज्या भागावर मास्कचा पांढरा रंग द्याल तेवढाच भाग नव्याने तयार होतो, काळा भाग जसाच्या तसा राहतो, अशी माझी समजूत होती. ती चुकीची आहे हे मला एका काकांनी दाखवून दिलं.

काका पोस्टकार्डाच्या आकाराचा एक फोटो घेऊन आले होते. १९७८ सालचा, रंग उडून तांबूस झालेला. वाड्याच्या मागच्या अंगणात काकांची आई एकटी उभी. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे, बाजूला पाण्याचं पिंप. आईचा उभा असलेला असा हा एकच फोटो. येत्या श्रावणात आईच्या जन्माला शंभर वर्षं होणार होती, तेव्हा घरात मोठा फोटो लावायचा होता. मागचं अंगण काढून साधी पार्श्वभूमी हवी होती आणि विटलेल्या साडीच्या जागी हिरवी, जरीकाठाची नऊवारी. जाताना काका दारात थांबून म्हणाले, "चेहऱ्याला मात्र हात लावायचा नाही हं, बाळा."

मी ६०० डीपीआयवर स्कॅन केला, कापून १६६४ बाय २४३२ पिक्सेलचा केला, आणि मॉडेलला झेपावा म्हणून बरोबर निम्मा, ८३२ बाय १२१६ केला. साडी आणि मागचं अंगण मास्कमध्ये पांढरं केलं. चेहरा, केस, कुंकू, नथ, गळा आणि मंगळसूत्र काळ्यात ठेवलं. नथ आणि कुंकू चेहऱ्याचाच भाग धरायचे, नाहीतर मॉडेल नथ नवीन घडवतं आणि तिच्याबरोबर नाकपुडीही. कम्फीयूआय या मॉडेल चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्क लावणारा `Set Latent Noise Mask` जोडून चित्र काढलं. साडी सुरेख आली. निऱ्यांचा पडणारा घोळसुद्धा बरोबर होता. आलेलं चित्र दुप्पट मोठं करून मी काकांना बोलावलं.

काकांनी चष्मा पुसला, स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, ही आईची बहीण वाटते. आईची डावी पापणी जरा खाली असायची. हिचे दोन्ही डोळे सारखे आहेत."

मी ठामपणे सांगितलं की चेहरा मास्कच्या बाहेर आहे, तो बदलूच शकत नाही. पण त्यांचा चेहरा पाहून फोटोशॉप उघडलं. खाली मूळ स्कॅन, वर नवं चित्र, आणि वरच्या थराचा ब्लेंड मोड `Difference`. यात दोन थरांमधला फरक दिसतो. जिथे दोन्ही तंतोतंत सारखे तिथे ठार काळं. चेहऱ्याच्या जागी काळं यायला हवं होतं. `Levels`ने उजेड वाढवला तेव्हा तिथे करड्या रेषांचा अख्खा चेहरा उमटला, आणि सगळ्यात ठळक होते डोळे. काकांची मी तिथेच माफी मागितली आणि दोन दिवस मागून घेतले.

कारण शोधताना अर्धी रात्र गेली. मॉडेल फोटोच्या पिक्सेलवर काम करत नाही. आधी व्हीएई नावाचा भाग फोटो आवळून लहान करतो: उभे-आडवे आठ बाय आठ पिक्सेल मिळून एक घर, आणि त्या घरात जेमतेम चार आकडे. मास्क त्या घरांवर चालतो. काळ्या भागातली घरं खरंच बदलत नाहीत. पण शेवटी सगळी घरं उलगडून पुन्हा पिक्सेल केले जातात, आणि आवळलेलं उलगडताना बारीक तपशील हुबेहूब परत येत नाही. चेहरा मोठा असेल तर हे डोळ्याला जाणवत नाही. इथे आई पूर्ण उभी होती. निम्म्या केलेल्या फोटोत तिचा चेहरा साधारण ९६ पिक्सेल रुंद, म्हणजे एक डोळा वीसेक पिक्सेलचा, म्हणजे अडीच घरं! पापणीची ती उतरती रेघ एका घराच्या उंचीएवढीसुद्धा नव्हती. ती गेली आणि डोळा उघडल्यासारखा झाला. शिवाय फोटो आधी निम्मा करण्यातही थोडा तपशील मीच घालवला होता.

त्यावरचा उपाय साधा आहे. मॉडेलकडून फक्त साडी आणि पार्श्वभूमी घ्यायची, चेहरा थेट मूळ स्कॅनमधून परत बसवायचा. कम्फीयूआयमध्ये यासाठी `ImageCompositeMasked` आहे, पण मला स्कॅनच्या पूर्ण मापावर काम करायचं होतं, म्हणून नवं चित्र आणि मास्क दुप्पट मोठे करून घेतले आणि पायथनच्या चार ओळींत जोडले:

```python
from PIL import Image
o, n = [Image.open(f).convert("RGB") for f in ("scan.png", "navi.png")]
m = Image.open("mask.png").convert("L")
Image.composite(n, o, m).save("final.png")
```

मास्क पांढरा तिथे नवं, काळा तिथे जुनं. करडा असेल तिथे दोन्हींचं मिश्रण होतं, आणि खरी मेहनत याच करड्या पट्ट्याची होती. कडा मऊ करण्यासाठी मास्क धूसर केला की करडा रंग दोन्ही बाजूंना पसरतो, म्हणजे गालावरही येतो. म्हणून पांढरा भाग आधी बारा पिक्सेल मागे सरकवला आणि मगच धूसर केला, म्हणजे करडं जे काय असेल ते केसांच्या बाहेर आणि पोलक्याच्या गळ्याखाली राहील. पण मग केसांभोवती जुन्या भिंतीची एक फिकट कड उरली. मी निवडलेल्या गडद पार्श्वभूमीवर ती प्रभावळीसारखी चमकत होती. ती कड पुसायला केसांत शिरावं लागलं असतं. त्यापेक्षा मी पार्श्वभूमीच बदलली: डोक्यामागे त्या भिंतीच्याच तोडीचा फिकट मातकट रंग, खाली जाताना गडद होणारा. कड त्यात विरून गेली.

एवढं होऊनही चेहरा चिकटवल्यासारखा दिसत होता. चेहऱ्यावर जुन्या फोटोची रवाळ पोत आणि तांबूस झाक, साडी मात्र नवी कोरी. इथे चेहरा गुळगुळीत करायचा मोह होतो आणि तिथेच काम बिघडतं. मी साडीवर आणि पार्श्वभूमीवर रवा टाकला आणि दोन्हींना तीच तांबूस झाक दिली. हिरवा रंग थोडा मावळला, पण आता साडी आईच्या अंगावरची वाटू लागली.

मग पुन्हा `Difference`. उजेड अगदी टोकापर्यंत वाढवला तरी चेहऱ्याच्या जागी काळंच. फाइल पीएनजीच ठेवली, कारण जेपीईजी करताना पिक्सेल पुन्हा हलतात.

काका या वेळी सुरतेहून आलेल्या बहिणीला घेऊन आले. मी फक्त डोळे मोठे करून दाखवले. मावशींनी स्क्रीनवरच्या डाव्या पापणीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हीच. माझ्याकडे बघताना अशीच बघायची." थोड्या वेळाने पूर्ण फोटो बघून त्यांनी हळूच विचारलं, "पिंप काढलंस होय गं? त्यावर बसून मी तिच्याशी गप्पा मारायचे."

काकांसाठी बारा बाय अठराचा नवा फोटो छापला. मावशींसाठी मूळ स्कॅन, दोरीवरच्या कपड्यांसकट.