मला चार हजार यायचे होते

आमच्या फ्लॅटवर आम्ही तिघं, मी, निखिल आणि समीर, आणि महिनाअखेरीला हिशोब करायचं काम माझ्याकडे, कारण एकदा उत्साहात मीच म्हटलं होतं की त्यात काय एवढं. आता त्यात काय एवढं ते कळतंय. भाडं माझ्या बँकेतून जातं, लाईट आणि इंटरनेटचं बिल निखिल फोनवरून भरतो, किराणा समीरच्या कार्डावर आणि साफसफाईवाल्या मावशींना कॅश, तीही समीरच देतो. म्हणजे एका महिन्याचा खर्च चार ठिकाणी सांडलेला. बँकेचं स्टेटमेंट, फोनमधले मेसेज, चुरगळलेल्या पावत्या आणि समीरची मेमरी.

गेल्या महिन्यात मी सगळं गोळा करून बसलो. ज्याच्या खात्यातून जेवढे गेले तेवढे त्याच्या नावावर लिहिले. माझे भाड्याचे 15000. निखिलचे 8000. समीरचे 9200. एकूण 32200, भागिले तीन, प्रत्येकी साधारण 10733. म्हणजे मला 4267 यायचे! समीरने 1533 द्यायचे, निखिलने 2733. यायचे आणि द्यायचे जुळले, उरलं शून्य, मी खुश, ग्रुपवर टाकून झोपलो पण.

सकाळी निखिल ब्रश तोंडात धरूनच आला, म्हणाला, "अरे बत्तीस हजार? आपण तिघं मिळून बत्तीस हजार कुठे उडवले ते तरी सांग."

मी म्हटलं बेरीज शून्य येतेय ना, मग बरोबरच असणार. आणि इथेच माझी चूक होती. सरासरी काढून प्रत्येकाच्या आकड्यातून वजा केली की शेवटी शून्य येणारच, तुम्ही यादीत काहीही कचरा भरा. त्या शून्याने फक्त वजाबाकी बरोबर आहे एवढं कळतं, यादी बरोबर आहे की नाही ते नाही कळत. त्यासाठी एकूण रकमेकडे बघायचं आणि ते पैसे घराबाहेर नक्की कोणाला गेले हे विचारायचं.

मग दोघं एकेक ओळ वाचत बसलो. निखिलच्या 8000 मध्ये लाईट 1800, इंटरनेट 1200, आणि 5000 "भाडं" म्हणून. पण भाडं तर मी भरलं होतं, ते 5000 त्याने मला पाठवलेले! तसेच समीरने मला 2000 पाठवलेले. हा खर्च नाहीच, हे पैसे घरातल्या घरात एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. मी ते त्यांच्या नावावर मांडले, एकूणात धरले, वर माझ्या नावातून वजा केलेच नाहीत. म्हणजे 7000 खिशात घालून वर आणखी 4267 मागत होतो, आणि तेही प्रामाणिकपणे, हे जास्त वाईट.

समीरच्या 9200 मधले ते 2000 सोडले तर किराण्याची पावती 6000 ची आणि मावशींचे 1200. पावतीतले 600 त्याच्या स्वतःच्या सामानाचे, ते त्याने स्वतःहून काढायला लावले. कॅशचा काही पुरावा नव्हता, पण ज्या दिवशी दिली त्याच दिवशी त्याने ग्रुपवर टाकलं होतं, आम्हाला तेवढं चालतं. आठवून आठवून महिनाअखेरीला सांगितलेली कॅश मात्र दर वेळी भांडण लावते.

आता खरा खर्च: 15000, 3000, 5400 आणि 1200. एकूण 24600, प्रत्येकी 8200. मग आपसातले पैसे, ज्याने दिले त्याच्यात अधिक, ज्याला मिळाले त्याच्यात वजा, दोन्हीकडे. माझे 15000 वजा 7000, म्हणजे 8000. निखिलचे 3000 अधिक 5000, तेही 8000. समीरचे 6600 अधिक 2000, म्हणजे 8600. कोणी कोणाला कशासाठी दिले ते आता बघायची गरजच नाही, प्रत्येकाच्या खिशातून शेवटी किती गेले एवढंच 8200 शी ताडायचं.

मी 200 कमी, निखिल 200 कमी, समीर 400 जास्त.

म्हणजे काल रात्री ज्याच्याकडे मी दीड हजार मागत होतो, त्यालाच मी 200 देणं लागत होतो. समीरने ग्रुपवर एकच अंगठा टाकला, शब्द नाही, मला तो अंगठा अजून टोचतोय.

200 पाठवताना नोटच्या जागी मी "मागचा हिशोब, खर्च नाही" असं लिहिलं. पुढच्या महिन्यात स्टेटमेंट वाचणारा माणूस मीच असणार, आणि त्याच्यावर माझा आता फारसा विश्वास नाही.