त्याचं ‘बरं’

गुरुवार, रात्री दहा

“बरं,” एवढंच म्हणाला माझा मित्र. जरा थांबून “ठेवतो” म्हणाला आणि ठेवला फोन. चार तास झाले, ते “बरं” कानातून जाईना. “लई मोठा झालास की रे” म्हणाला असता तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण एवढं साधं “बरं” त्याच्या तोंडून आजवर कधी ऐकलं नव्हतं.

मंगळवारचं लिहून काढतो, म्हणजे माझं मलाच नीट दिसेल.

मशीनवर बुश लागले होते. बाहेरचा व्यास 40 मिलिमीटर, वर एक मायक्रॉनसुद्धा चालत नाही, खाली पंचवीस मायक्रॉनपर्यंत चालतं. म्हणजे 39.975 ते 40.000 एवढीच जागा. कापणाऱ्या इन्सर्टचं टोक झिजत जातं तसा जॉब हळूहळू जाड होतो, म्हणून दर पाचवा पीस मायक्रोमीटरवर मोजायचा आणि वाढला असेल तेवढं वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायला मशीनला द्यायच्या आकड्यात, उणे द्यायचं. सव्वाअकराला मोजला तो 40.008 आला. मधोमध आणायचा तर वीस मायक्रॉन कमी करायला हवे होते. मी -0.020 टाइप केलं, `+INPUT` दाबलं आणि खिशात फोन थरथरला.

त्याचाच. सव्वाअकराला दुसऱ्या कुणाचा असणार! सकाळचं गिऱ्हाईक सरतं, दुकानात तो आणि काटा एवढेच उरतात.

“काय करालास रे?”

“कामावर हाय की.”

“जेवलास काय?”

फोन खांदा आणि कानात धरून पुन्हा स्क्रीनकडे वळलो. वीस दिलं होतं की द्यायचं होतं? आकडा आधी किती होता ते आठवेना. जॉब जाड आहे एवढंच डोक्यात होतं, म्हणून परत -0.020 टाइप केलं, परत `+INPUT`. ही बटणच तशी आहे, आधीच्या आकड्यात नवा मिळवत जाते. वीसाचे चाळीस झाले.

ऑफसेट दिल्यावर पहिला पीस मोजायचाच असतो. नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. पण त्या वेळी तो सांगत होता की वहिनींचं कपाट अजून उघडलेलं नाही, आणि अशा बोलण्यात “थांब जरा, मायक्रोमीटर घेतो” असं कसं म्हणायचं? पीस लावत गेलो, काढत गेलो. बारा मिनिटं बोललो. तेवढ्यात पाच पीस झाले.

मग व्यास तपासायचा स्नॅप गेज लावला. गो बाजू गेली, ती जायलाच हवी. नो-गो बाजू अडायला हवी होती, तीही हळूच बुशवरून खाली घसरली. लोण्यातून सुरी जावी तशी. मोजला तर 39.968. सात मायक्रॉन कमी. डोक्याचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. पण कमी ते कमीच. जाड राहिला असता तर परत एक कट मारून वाचवता आला असता, बारीक झालेल्याला मटेरियल कुठून चिकटवणार? पाचही लाल क्रेटमध्ये गेले. सुपरवायझर येऊन कानडीत काय झालं म्हणून विचारू लागले, “एनातरी?” मी म्हणालो, ऑफसेट दोनदा गेला. का गेला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांची नजर माझ्या खिशावर होती.

त्याचं काय चुकलं? खरं सांगायचं तर, काही नाही. गेले पाच महिने तो सव्वाअकराला फोन करतोय आणि पाच महिने मी उचलतोय. कधी “जरा गडबडीत आहे रे” म्हणालो, कधी आवाज बारीक केला, कधी “बघू, नंतर बोलू” म्हणालो. त्याला काय दिसलं असेल? गडबडीत असूनही हा आपला फोन उचलतो, एवढंच दिसलं असेल. आडून आडून बोललेलं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, पोचेल असं मीच धरून चाललो होतो.

म्हणून आज सरळ बोललो. आधी मेसेज लिहिला होता, तीनदा खोडला. लिहून पाठवलं की ते नोटिशीसारखं वाटतं. सहाला घरी येऊन फोन लावला. चहा झाला का, दुकान कसं आहे, एवढं झाल्यावर म्हणालो, “एक सांगतो, मनाला लावून घेऊ नको. सात ते साडेतीन मी मशीनवर असतोय, त्या वेळात फोन करू नको. उद्यापासून फोन लॉकरमध्ये ठेवणार आहे. साडेतीनला बाहेर पडलो की मीच लावतो, रोज. आणि कायतर अडचणीचं असलं तर ऑफिसचा नंबर देतो, तिथं कर, मला बोलावतील.”

मंगळवारचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाच बुशांचा भार त्याने डोक्यावर घेतला असता. सध्या त्याच्या डोक्यावर काय कमी आहे!

आणि मग ते “बरं”.

जेवताना वाटत होतं, माझंच नशीब असं. आठ तास उभा राहायचं, कूलंटच्या वासात श्वास घ्यायचा, पाय घरी येऊन सुजायचे, आणि वर मित्राला नको म्हणणारा वाईट माणूसही मीच व्हायचं. मला सव्वाअकराला कोण विचारतंय, जेवलास काय म्हणून?

हे लिहिलं आणि थांबलो. तोच तर विचारत होता. पाच महिने, रोज.

आता त्या “बरं”चं काय करू? त्यात राग नव्हता असं आत्ता वाटतंय. जिन्यात एक पायरी जास्त आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली जमीनच लागावी, तसा तो अडखळला असेल. सव्वाअकराची त्याची जागा मी काढून घेतली, हे खरंच आहे. साडेतीनची दिली, हेही खरं. दोन्ही सारखं नाही. दुपारी बारापर्यंतचा वेळ त्याला कसा खायला उठतो ते मला ठाऊक आहे. तरी सांगायला हवंच होतं. मशीनसमोर अर्धं लक्ष देऊन मी त्यालाही अर्धंच ऐकत होतो. कपाटाचं तो पुढं काय म्हणाला, ते मला आज आठवत नाही.

शुक्रवार, संध्याकाळ

सव्वाअकराला हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा. पीस मोजला, 39.996 आला. दहा मायक्रॉन दिले, ऑफसेटचा आकडा आधीचा आणि नंतरचा दोन्ही वहीत लिहिले, पुढचा पीस मोजला. 39.986. दिवसभरात लाल क्रेटमध्ये काही नाही.

साडेतीनला पंचिंग करून गेटबाहेर आलो. तिसऱ्या गेटकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज नको म्हणून कंपाउंडच्या भिंतीला आत सरकून उभा राहिलो, टिफिनची पिशवी खाली ठेवली आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“गिऱ्हाईक हाय रे,” तो घाईत म्हणाला. मागे कुणीतरी गूळ मागत होतं. “पाच मिनिटांत करतो. हाईस न्हवं?”

“हाय की,” म्हणालो आणि तिथंच उभा राहिलो.

सात मिनिटांनी आला. मी आधी कपाटाचं विचारलं.