आमची वाटचाल : सेकंदात बसणारं निवेदन

ठिबक संचाची देखभाल दाखवणाऱ्या एक मिनिटाच्या चित्रफिती हे आमच्या कामातलं मोठं खातं. त्या शेतकरी मोबाइलवर बघतो, तेही अनेकदा पंपाशेजारी उभं राहून. त्यामुळे प्रत्येक दृश्याला मोजकेच सेकंद मिळतात आणि निवेदन त्यात बसवावं लागतं.

सुरुवातीला आम्ही शब्द मोजायचो. मराठीत हा हिशेब फसतो. ‘दाब’ हाही एक शब्द आणि ‘दाबमापकाच्या’ हाही एकच. लिहिलेली अक्षरं मोजूनही नीट उत्तर येत नाही, कारण ‘करतात’ लिहिताना चार अक्षरं असली तरी बोलताना ‘कर-तात’ असे दोनच ठोके पडतात. म्हणून आता आम्ही वाक्य मोठ्याने म्हणून ठोके मोजतो. समजावून सांगण्याच्या लयीत आमच्या निवेदकांचे सेकंदाला साधारण पाच ठोके होतात. नवा आवाज घेतला की त्याच्याकडून आधी तीस सेकंदांचा मजकूर वाचून घेतो आणि त्याचा आकडा वेगळा काढतो.

दृश्याचे सगळे सेकंद बोलण्यासाठी वापरायचे नसतात. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-अर्धा सेकंद मोकळा ठेवतो, नाहीतर आधीच्या दृश्याचं शेवटचं वाक्य पुढच्याला चिकटतं. म्हणजे आठ सेकंदांच्या दृश्यात बोलायला सात सेकंद, अर्थात पस्तीस ठोके. पूर्णविरामापाशीही अर्धा सेकंद जातोच.

जाळीचा फिल्टर उघडण्याचं दृश्य घ्या. हाती येणारा मजकूर बहुधा असा असतो : ‘ठिबक सिंचन संचामधील जाळीच्या फिल्टरची स्वच्छता करण्यासाठी सर्वप्रथम पंप बंद करून पाइपमधील दाब पूर्णपणे कमी झाल्याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.’ चोपन्न ठोके, म्हणजे जवळजवळ अकरा सेकंद.

कापताना पहिला प्रश्न : यातलं डोळ्यांना काय दिसतंच आहे? फिल्टर समोर आहे, स्वच्छतेचं काम पहिल्याच दृश्यात सांगून झालंय. ते सगळं जातं. मग ‘खात्री करून घेणे आवश्यक आहे’ यासारखी कार्यालयी शेपटी जाते आणि क्रियापद थेट आज्ञार्थी होतं. उरतं ते असं : ‘आधी पंप बंद करा. दाबमापकाचा काटा शून्यावर आला, की मगच झाकण उघडा.’ सव्वीस ठोके. विरामासकट पावणेसहा सेकंद लागतात आणि उरलेला सव्वा सेकंद काटा खाली येताना बघायला मिळतो. त्या सव्वा सेकंदात आणखी एखादं वाक्य घुसवायचा मोह होतो. घुसवू नये, तिथे शांतताच हवी.

हेच वाक्य अजून छाटून ‘पंप बंद करून झाकण उघडा’ असं नऊ ठोक्यांतही बसतं. पण ती छाटणी धोक्याची. पंप थांबल्यावरही फिल्टरमध्ये दाब अडकून राहू शकतो आणि झाकण सैल करताच पाण्याचा फवारा तोंडावर येतो. अट सांगणारे शब्द, म्हणजे ‘आला की’, ‘मगच’, ‘तोपर्यंत’, दिसायला भरताड वाटतात, पण चित्रातून ते कळत नाहीत. ते कापण्यापेक्षा आम्ही दृश्य दोन सेकंदांनी वाढवून मागतो.

आकड्यांनी आम्हाला बराच काळ चकवलं. कागदावर ‘0.5 किलो प्रति चौ. सेंमी’ एवढंसं दिसतं. वाचताना ‘शून्य पूर्णांक पाच किलो प्रति चौरस सेंटीमीटर’ असे पंधरा ठोके होतात, म्हणजे तीन सेकंद. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या मापकांतला फरक सांगताना आम्ही ‘अर्धा किलो’ म्हणतो. शेतकरीही दाब किलोतच बोलतो. पूर्ण एकक पडद्यावर लिहून दाखवतो. मजकूर मंजुरीला पाठवण्याआधी प्रत्येक आकडा आणि लघुरूप अक्षरी लिहून काढायची सवय त्यातूनच लागली.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, हाही एक पेच. ‘फिल्टरमधली जाळी न वाकवता हळूच वर ओढून बाहेर काढा’ हे वाक्य ‘काढा’पर्यंत पोचेस्तोवर हाताने जाळी काढून झालेली असते. ठोके बरोबर असूनही निवेदन मागे पडल्यासारखं वाटतं. अशा वेळी ‘जाळी बाहेर काढा. हळूच, वाकवू नका.’ अशी मोडणी करतो. क्रिया चित्राबरोबर येते आणि सूचना तिच्या मागोमाग.

ध्वनिमुद्रण झाल्यावर पाव सेकंद जास्त भरला, तर संकलनात आवाजाचा वेग वाढवून भागवता येतं, पण आम्ही पाच टक्क्यांपुढे जात नाही. त्यापुढे ‘स्वच्छ’, ‘घट्ट’ यांतली जोडाक्षरं पुसट होतात, आणि पंपाच्या आवाजात तर ती ऐकूच येत नाहीत. त्याहून जास्त भरलं तर ते वाक्य कापून पुन्हा वाचून घेतो.