काळा कोन आम्ही का केला नाही : आमची वाटचाल

आमचा उद्योग मेहंदीच्या ताज्या कोनांचा. पावडर भिजवायची, गाळायची, सेलोफेनच्या कोनात भरायची आणि गोठवून ठेवायची, एवढंच आम्ही करतो. सुरुवात स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाली. आता त्यासाठी वेगळी खोली आहे, मोठे डीप फ्रीझर आहेत आणि कोन वळण्यात तरबेज असलेल्या बायका आहेत. धंदा हळूहळू वाढला, आणि वाढता वाढता एक प्रश्न सतत कानावर येत राहिला : "ताई, काळा कोन का नाही ठेवत? मागणी तर त्यालाच आहे." हा लेख त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

आधी आमचा कोन कसा बनतो ते सांगते, कारण काळ्या कोनातली लबाडी त्यावरूनच लक्षात येते. शंभर ग्रॅम वस्त्रगाळ पावडरीला साधारण तीस ग्रॅम साखर, तीस मिलिलिटर निलगिरीचं किंवा लव्हेंडरचं तेल आणि पातळपणा जमेल तसा, अडीचशे ते तीनशे मिलिलिटर लिंबाचा रस. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, तेही वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के. लिंबाच्या आंबटपणात ते पानातून सावकाश सुटतं. उबदार खोलीत आठ-दहा तास लागतात, थंडीत त्याहून जास्त. भांड्यातल्या मेहंदीचा वरचा थर तपकिरी झाला आणि आतली अजून हिरवी असली, की रंग सुटायला लागला असं समजायचं. मग तळहातावर ठिपका ठेवायचा आणि पाच मिनिटांनी पुसायचा. केशरी डाग राहिला तर मेहंदी कोनात भरायला तयार.

हा डाग पहिल्या दिवशी केशरीच असतो. लॉसोन त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या केराटिनला चिकटतं आणि मग हवेतल्या ऑक्सिजनने एक-दोन दिवसांत गडद होत जातं. तळहाताची त्वचा जाड, म्हणून तिथे गर्द तपकिरी, अगदी काळपट चॉकलेटी रंग चढतो. मनगटाच्या वर त्वचा पातळ, तिथे तीच मेहंदी फिकी दिसते. मेहंदी कितीही चांगली असो, दंडावर किंवा पाठीवर ती कोळशासारखी काळी होत नाही. तासाभरात तर नाहीच नाही.

धंदा जरा स्थिरावला तेव्हा कच्चा माल पुरवणाऱ्या एका माणसाने एक पुडी समोर ठेवली. "ताई, शंभर ग्रॅमला यातली चिमूटभर टाका. तासात काळीभोर उतरते आणि आठवडाभर टिकते. सगळे हेच करतात." पुडी केसांना लावायच्या 'काळ्या मेहंदी'ची होती. तिच्यावर पानांचं चित्र होतं. मी ती उलटी करून मागची बारीक छपाई वाचली. घटकांच्या यादीत मेहंदीच्या पावडरीबरोबर पॅरा-फेनिलिनडायमिन लिहिलं होतं. खाली इशारा होता : काहींच्या त्वचेला यातल्या घटकांनी त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करावी, पापण्या किंवा भुवया रंगवू नयेत, दृष्टी जाऊ शकते.

तो इशारा केसांच्या डायसाठी कायद्याने छापावा लागतो. म्हणजे ज्याने ती पुडी बनवली, त्यानेसुद्धा ती केसांसाठीच बनवली होती. मिसळायला सांगणारा मधला माणूस ती त्वचेवर, तासन्‌तास, कसलंही माप न ठेवता लावायला सांगत होता.

पॅरा-फेनिलिनडायमिन, थोडक्यात पीपीडी, हे केसांच्या डायमधलं जुनं रसायन. ते स्वतः रंग नसतं. हवा किंवा पेरॉक्साइड मिळाला की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि रेणू एकमेकांना जोडले जाऊन काळा रंग तयार होतो. केसांचा डाय लावताना ते पेरॉक्साइडबरोबर मिसळतात, त्यामुळे क्रिया लवकर उरकते आणि अर्ध्या तासात सगळं धुतलं जातं. युरोपात केसांवर प्रत्यक्ष लावताना पीपीडी दोन टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि त्वचेवर नक्षी काढायला तर परवानगीच नाही. काळ्या कोनात मात्र पेरॉक्साइड बहुधा नसतो. पीपीडी नुसत्या हवेने हळूहळू बदलत राहतं आणि मधल्या टप्प्यातले, फार चिकट स्वभावाचे रेणू बराच वेळ त्वचेवर राहतात. हेच रेणू त्वचेतल्या प्रथिनांना जोडले जातात आणि शरीर त्यांना परकं म्हणून ओळखायला शिकतं. प्रयोगशाळांमध्ये तपासलेल्या अशा काही कोनांत पीपीडीचं प्रमाण डायच्या मर्यादेच्या कितीतरी पट निघालेलं आहे.

'ओळखायला शिकतं' ही गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, नाहीतर "मला तर काही झालं नाही" हे ऐकून माणूस फसतो. आमच्या एका जुन्या ग्राहक ताईंच्या मुलीचं उदाहरण सांगते. मुलीने एका जत्रेत हातावर काळी नक्षी काढून घेतली. काही झालं नाही, नक्षी सुरेख आली आणि फिकी पडून गेली. काही महिन्यांनी तिने पुन्हा तशीच काढून घेतली. दुसऱ्या दिवशी हात खाजायला लागला. तिसऱ्या दिवशी नक्षीच्या रेषा लाल होऊन फुगल्या आणि त्यांवर पाण्याचे फोड आले. फोड इतरत्र कुठेही उठले नव्हते, वेलीच्या वळणांवरच होते, म्हणजे जिथे कोन फिरला नेमका तिथे. ताईंनी मला फोटो पाठवला तेव्हा पान न पान मोजता येत होतं.

पहिल्या वेळी काही न होणं हाच या ॲलर्जीचा स्वभाव आहे. पहिल्या संपर्कात शरीर तयारी करतं, त्याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. कधी कधी तेवढ्या वेळात डाग त्वचेवर असतानाच पहिल्याच नक्षीवर उशिरा फोड येतात. पण बहुतेकदा तयारी निमूटपणे होते आणि पुढच्या संपर्कात एक ते तीन दिवसांत सगळं उसळून येतं.

मी त्या ताईंना मुलीला घेऊन ताबडतोब त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. तिथे औषधांनी फोड बसले. त्वचा पूर्ण बरी झाल्यावर, काही आठवड्यांनी, पाठीवर पॅच टेस्ट झाली : व्हॅसलिनसारख्या मलमात एक टक्का पीपीडी घालून त्याची पट्टी लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासतात. पीपीडीच्या जागी स्पष्ट लाल उठाव आला. नक्षीच्या जागी पांढुरके वेल मात्र बरेच महिने दिसत राहिले. मुलांच्या त्वचेवर अशा खुणा राहताना डॉक्टरांना वरचेवर दिसतात.

त्या मुलीसाठी पुढची यादी फोडांपेक्षा मोठी आहे. ही ॲलर्जी सहसा जन्मभर जात नाही. उद्या केस पिकल्यावर नेहमीचा काळा डाय लावला तर चेहरा आणि पापण्या सुजू शकतात. पीपीडीशी नातं असलेल्या काही इतर गोष्टींनाही तिची त्वचा उसळू शकते : बधिर करणारं बेंझोकेन, कपड्यांचे काही गडद रंग, काळं रबर. म्हणून दाताच्या डॉक्टरांना आणि ब्युटी पार्लरमध्ये हे आधी सांगायचं, असं तिच्या आईला डॉक्टरांनी बजावलं. एका संध्याकाळच्या नक्षीसाठी दिलेली ही किंमत मला फार जड वाटते.

त्या ताईंनी मला विचारलं, "आता तुझी मेहंदी तरी लावू का तिला?" लॉसोन आणि पीपीडी ही वेगळी रसायनं आहेत आणि शुद्ध मेहंदीची ॲलर्जी क्वचित होते, हे मी सांगितलं. पण परवानगी द्यायची ती डॉक्टरांनी, मी नाही, हेही सांगितलं.

त्यानंतर आमच्या कामात लेबल वाचणं ही रोजची पायरी झाली. नवी पावडर आली की पाकिटावरची यादी आधी वाचतो. पीपीडी नेहमी त्याच नावाने छापलेलं नसतं. पी-फेनिलिनडायमिन, १,४-डायअमिनोबेंझीन, १,४-बेंझीनडायमिन, किंवा नुसता रंगाचा क्रमांक सीआय ७६०६० अशा रूपांतही ते सापडतं. रासायनिक नोंदणी क्रमांक १०६-५०-३ दिसला तरी तेच. त्वचेवर लावायच्या वस्तूवर यांतलं काहीही दिसलं की आम्ही ती परत पाठवतो. प्रमाण किती हे विचारतसुद्धा नाही, कारण एकदा ॲलर्जी जडली की अगदी थोड्या प्रमाणानेही ती उसळते.

खरी अडचण आहे ती यादीच नसलेल्या कोनांची. नक्षी काढून देणाऱ्याच्या पेटीतल्या साध्या कोनावर काहीच लिहिलेलं नसतं. तिथे डोळे आणि नाक वापरावं लागतं. कोनातला लगदा हिरवट-तपकिरी नसून काळा असेल. "अर्धा-एक तास ठेवा, पुरे" असं सांगत असतील. वासात वाळल्या पानांऐवजी रॉकेल किंवा केसांचा डाय आठवत असेल. डाग पहिल्या तासातच काळा आणि तोही मनगटाच्या वर. तर लावून घेऊ नये. लावून झालाच असेल तर लगेच साबणाने भरपूर धुवावा आणि पुढचे दोन आठवडे जागेवर लक्ष ठेवावं.

काळा नाही म्हणून कोन निर्धोक, असंही नाही. तासात गर्द लाल चढणाऱ्या 'झटपट' कोनांत पीपीडी नसलं तरी दुसरा रासायनिक रंग असू शकतो. सोपी खूण म्हणजे साठवण. लिंबू-साखरेत भिजवलेली ताजी मेहंदी खोलीच्या तापमानाला दोन-चार दिवसांत रंग गमावते. दुकानाच्या फळीवर वर्षभर टिकणारा कोन कशामुळे टिकतो, हे विकणाऱ्याला विचारावं.

आमच्या मेहंदीच्याही मर्यादा आहेत आणि त्या आम्ही झाकत नाही. तेलांचा काहींना त्रास होतो, म्हणून लहान मुलांसाठी आम्ही बिनतेलाचे कोन वेगळे भरतो. त्यांचा रंग थोडा फिका येतो. आणि ज्यांना जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे, त्यांच्यात, विशेषतः तान्ह्या बाळांत, लॉसोनने लाल रक्तपेशी फुटू शकतात. तान्ह्या बाळासाठी कोन मागितला तर आम्ही देत नाही.

काळा कोन न ठेवल्याने काही दुकानदारांनी आमचा माल बंद केला. त्यांतले दोघे नंतर परत आले, बाकीचे नाही आले. ज्या मेहंदी काढणाऱ्या मुली टिकल्या, त्या आता गिऱ्हाईकाला काम सुरू करण्याआधीच सांगतात की आज रंग केशरी दिसेल, रात्रभर पाणी लावू नका, परवा बघा. दर कोनावर आम्ही पावडर, लिंबू, साखर, तेलाचं नाव आणि भिजवल्याची तारीख छापतो. तेल बदललं की लेबलही बदलतं.