काळे, काले आणि बारावं पान

“माझं आडनाव काले. काळे नाही. ळ नाही, ल.” बाईंनी खुर्चीवर बसायच्या आधीच हे सांगितलं. हातात बँकेचं पासबुक होतं आणि पासबुकावर इंग्रजीत छापलं होतं: KALE SUNITA V. (नावं मी इथे बदलली आहेत, पण त्यांची घडण तीच ठेवली आहे.)

त्यांच्याबरोबर त्यांच्या संस्थेचे हेडक्लार्क आले होते. “ताई, यादीत काळे बाईंचं नाव दोनदा आलंय आणि या बाईंचं एकदाही नाही. सोमवारी बिल बँकेत जायचंय,” ते म्हणाले. दिवस शुक्रवारचा होता.

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. जुनी पत्रं, परिपत्रकं, आदेश स्कॅन करायचे आणि त्यातून जावक क्रमांक, दिनांक, विषय, नाव, कर्मचारी क्रमांक, रक्कम अशी माहिती वेगवेगळ्या रकान्यांत काढून द्यायची, हे आमचं काम. या संस्थेचं काम निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वेतन फरकाचं होतं. मूळ आदेश मराठीत, त्याला 12 पानांची मराठी यादी, आणि हिशेब विभागाने काढलेलं रकमांचं परिशिष्ट मात्र पूर्ण इंग्रजीत. मराठी यादीत ‘सुनीता विठ्ठल काळे’ असं पूर्ण नाव, इंग्रजीत ‘Kale Sunita V’. दोन्ही जोडून एक तक्ता करायचा होता. आम्ही तो करून दिला होता आणि तो चुकला होता.

कसा चुकला ते सांगायचं तर आधी जोडणी कशी करत होतो ते सांगायला हवं.

आधी आम्ही इंग्रजी नावाचं मराठीत लिप्यंतर करून मराठी यादीशी ताडून पाहिलं होतं. सोलापुरात ते पहिल्याच पानावर अडलं. परिशिष्टात Jyothi, Sujatha, Geetha अशी नावं होती आणि आमच्या प्रोग्रॅमने त्यांचं ‘ज्योथी’, ‘सुजाथा’, ‘गीथा’ करून ठेवलं. आमच्याकडे नावं तपासायला एक निवृत्त शिक्षक येतात, पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे. त्यांनी एका मिनिटात उलगडा केला. “आमच्यात त साठी th लिहितात आणि ट साठी t. तुमच्यात th म्हणजे थ नाहीतर ठ. बघा की, त्याच पानावर Rathod आहे. तो राठोड. त्याला रातोड केलंत तर तो भांडायला येईल.” एकाच पानावर th चे दोन अर्थ होते आणि नाव कुणाच्या घरचं यावर ते ठरत होतं. यासाठी अक्षरांचा एकच तक्ता बनवता येत नाही.

मग आम्ही लिप्यंतर सोडलं आणि दोन्ही लिप्यांतल्या नावांचा सांगाडा काढायला लागलो. स्वर गाळायचे, h गाळायचा. त, थ, ट, ठ या सगळ्यांचा t. द, ध, ड, ढ यांचा d. श आणि स दोन्ही s, कारण जुन्या कागदांवर गावाचं नावसुद्धा Sholapur असं असतं. न आणि ण एक, ल आणि ळ एक. मधल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर घ्यायचं आणि शब्दांचा क्रम सोडून द्यायचा, कारण मराठी यादीत आडनाव शेवटी येतं आणि इंग्रजी परिशिष्टात आधी. असं केलं की ‘ज्योती’ आणि Jyothi दोन्ही jyt होतात, ‘राठोड’ आणि Rathod दोन्ही rtd. ‘व्यंकटेश’ आणि Venkatesh, किंवा ‘नरसय्या’ आणि Narsaiah यांसारख्या थोड्या जोड्या सरांनी हाताने लिहून दिल्या. जोडणी एकदम सुधारली आणि आम्ही खूश झालो.

आता या सांगाड्यात बाईंचं नाव घालून बघा. ‘सुनीता विठ्ठल काळे’ म्हणजे kl snt v. ‘सुनीता वसंत काले’ म्हणजेही kl snt v. आणि परिशिष्टातल्या दोन्ही ओळी ‘Kale Sunita V’. तिथे तर दोन बायकांची नावं अक्षरशः एकच आहेत. मराठीत ज्या दोघी आडनावाने आणि मधल्या नावाने स्पष्ट वेगळ्या दिसतात, त्या रोमन लिपीत गेल्या की एक होतात, आणि तिथून मागे येण्याची वाट नाही. Kale वरून काळे की काले हे कुणालाच ठरवता येणार नाही.

पण हे आम्हाला आधीही माहीत होतं. म्हणून जोडणीत नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. पहिली जुळणी कर्मचारी क्रमांकाची, आणि क्रमांक सापडला नाही तरच नावाची, असा नियम होता. परिशिष्टात काही ओळींना क्रमांकच नव्हते, त्यांच्यासाठी ही दुसरी वाट ठेवली होती. या दोघींचे क्रमांक परिशिष्टात होते: 1402 आणि 4012. मग नावापर्यंत गोष्ट गेलीच कशी?

मी मराठी यादीचं मूळ स्कॅन काढलं. दोघी बाराव्या पानावर होत्या. पान बघताक्षणी पोटात गोळा आला. पहिल्या अकरा पानांवर क्रमांक 1, 2, 3 असे इंग्रजी अंकांत होते. शेवटचं पान कुणा वेगळ्या माणसाने टाइप केलेलं दिसत होतं. फॉन्ट वेगळा, आणि सगळे अंक देवनागरी. काळे बाईंपुढे १४०२, काले बाईंपुढे ४०१२. आणि आमच्या तक्त्यात तिथे काय होतं? 9802 आणि 8092.

चूक माझ्या हातची होती. नावांचा रकाना मराठी म्हणून वाचायला दिला होता, पण क्रमांकांचा रकाना वेगळा कापून tesseract या स्कॅनमधली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर असा चालवला होता:

```
tesseract p12_col2.png out -l eng -c tessedit_char_whitelist=0123456789
```

‘अंक तर आहेत, इंग्रजीतच वाचू दे, आणि फक्त अंकच येऊ दे’ असा माझा विचार होता. ही मर्यादा घातली की समोर काहीही असो, त्याला या दहा अंकांतूनच उत्तर द्यावं लागतं. देवनागरी १ त्याला 9 वाटला, ४ त्याला 8 वाटला, ० आणि २ जवळपास सारखेच असल्याने बरोबर आले. मर्यादा नसती तर निदान कुठे कचरा अक्षर आलं असतं आणि डोळ्यांना खुपलं असतं. इथे मात्र स्वच्छ चार आकडी संख्या आल्या आणि शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

बाराव्या पानावर 31 नावं होती. 31 पैकी एकाही क्रमांकाची जुळणी झाली नव्हती. पण 29 नावं सांगाड्यावरून बिनचूक जुळली, कारण त्या नावाचं दुसरं कुणी यादीत नव्हतं. राहिलेल्या दोघींसाठी प्रोग्रॅमने सांगाडा जुळणारी पहिली ओळ उचलली, आणि दोन्ही वेळा ती काळे बाईंचीच होती. क्रमांकांचं अख्खं पान बिघडलेलं होतं आणि नावांनी ते झाकून ठेवलं होतं. त्या नावाच्या दोघी नसत्या तर हे आम्हाला कधीच कळलं नसतं, आणि मला याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

प्रत्येक पानावर किती जुळण्या क्रमांकावरून झाल्या आणि किती नावावरून, एवढी मोजणी जरी मी छापली असती तरी पहिल्याच दिवशी दिसलं असतं. अकरा पानांवर जवळजवळ सगळ्या क्रमांकावरून, आणि बाराव्यावर शून्य. शिवाय संस्थेत 5000 च्या पुढे कर्मचारी क्रमांकच नाहीत, हेडक्लार्कनी ते सहज बोलता बोलता सांगितलं. ते मी आधी विचारलेलं नव्हतं.

बाई बसल्याच होत्या. त्यांना चहा दिला आणि क्रमांकांचा रकाना -l mar+eng देऊन, म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही धरून, अंकांची मर्यादा काढून पुन्हा वाचला. आता १४०२ जसाच्या तसा आला. कच्ची नोंद तशीच ठेवायची आणि बदल शेजारच्या रकान्यात करायचा. पायथनमध्ये int("१४०२") थेट 1402 देतं, त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. 31 पैकी 31 क्रमांक जुळले. काले बाईंपुढे त्यांची रक्कम आली.

हेडक्लार्क निघायच्या तयारीत होते, पण मला दुसरीच धास्ती लागली. त्याच पद्धतीने मी पत्रांचे दिनांक आणि जावक क्रमांकही वाचले होते. कर्मचारी क्रमांक चुकला तर तो निदान कुठल्या तरी यादीत सापडत नाही. तारखेचं तसं नाही. ‘दि. ६/४’ मधला ४ जर 8 झाला तर एप्रिल महिन्याचा ऑगस्ट होतो, आणि ऑगस्ट हा चांगला खराखुरा महिना आहे. कुठलीच तपासणी त्याला अडवणार नाही.

मग जावक नोंदींचा आधार घेतला. एकाच कार्यालयातून एकाच वर्षात निघालेली पत्रं जावक क्रमांकाने लावली तर तारखाही चढत जायला हव्यात. तशी लावली आणि तीन पत्रं खुपली. एकात ओळ अशी होती: ‘जा.क्र. २१७/2016’. क्रमांक मराठी अंकांत, साल इंग्रजीत, एकाच ओळीत, एकाच माणसाने टाइप केलेलं. तिन्ही तारखा मूळ कागदावरून हाताने दुरुस्त केल्या. ज्या पत्रांना आधी-नंतरचा शेजार नव्हता, ती सगळी सरांनी आणि मी संध्याकाळपर्यंत डोळ्यांनी वाचली.

नियमही त्याच दिवशी बदलले. क्रमांक कागदावर आहे पण जुळत नाही, तर नावाकडे जायचं नाही, ओळ लाल करून थांबायचं. नावावरून जोडताना एकाहून जास्त ओळी जुळल्या तरी थांबायचं. आणि नावाचे दोन रकाने: मराठी कागदावर जसं आहे तसं, इंग्रजी कागदावर जसं आहे तसं. एकावरून दुसरं बनवून भरायचं नाही. सांगाडा फक्त शोधण्यापुरता, तो तक्त्यात जात नाही.

निघताना बाईंनी सुधारलेल्या पानाची प्रिंट मागितली. स्वतःच्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचली, “सुनीता वसंत काले.” मग मला म्हणाल्या, “शाळेत घातलं तेव्हापासून हे सांगतेय बाई, प्रत्येक खिडकीत.”

रात्री तक्ता पाठवायच्या आधी एक नाव राहिलं होतं. त्या गृहस्थांचा मराठी कागदच मिळाला नव्हता, फक्त परिशिष्टात ‘Kole’ असं होतं. कोळे असतील, कोले असतील. मराठी रकाना मी रिकामा ठेवला आणि हेडक्लार्कना निरोप दिला, सोमवारी बिल जायच्या आधी त्यांना फोन करून विचारा.