बनारसमधील पापडीचा घाणा

भाद्रपदाच्या सुरुवातीचे बनारस प्रवाशाला फारसे मानवत नाही. गंगेला पूर आलेला असतो, घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या असतात, नावा बंद असतात आणि हवा इतकी दमट असते की दोरीवरचा पंचा दिवसभरात वाळत नाही. काशीविश्वनाथाचे दर्शन झाले, सारनाथही पाहून झाले. त्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते पापडीविषयी, कारण गोदौलियाच्या गर्दीत धक्के खात, बराच वेळ ताटकळून मिळालेल्या चाटमधील पापडी दही पडण्याआधीच सादळलेली होती. दह्याखाली पापडी हळूहळू मऊ होणे हा चाटचा धर्मच आहे. परंतु दुकानदाराच्या डब्यातून निघालेली कोरडी पापडी बोटांत वाकावी आणि तिचे पैसे घ्यावेत, याचा मला मनापासून राग आला.

ब्रह्माघाटाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आहेत. त्यांपैकी एका घरी मी उतरले होते. माझी तक्रार ऐकून तिथल्या काकू म्हणाल्या, "अहो, चाटवाल्याकडे कसली पापडी पाहता? पापडी बनते सकाळी, दुसरीकडेच. उद्या माझ्याबरोबर चला." त्यांनी मला ज्या कारखान्यात नेले ती एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरची खोली होती. दोन कढया, एक लांबलचक लाकडी पाट आणि भिंतीला लागून मांडलेल्या बांबूच्या चाळण्या, एवढाच तिथला संसार. कारागीर साठीचे असावेत. काकूंशी त्यांचा जुना घरोबा असल्यामुळे मला बसायला लगेच मोडा मिळाला आणि न मागता चहाही आला. अशी आस्था मोठ्या हॉटेलांत मला क्वचितच लाभली आहे.

पीठ मळून तयार होते. १ किलो मैद्याला सुमारे २०० ग्रॅम तूप, ओवा, मीठ, आणि पाणी अगदी बेताचे. मोहन पिठाला चोळल्यावर मूठ वळली पाहिजे आणि बोटाने दाबताच ती मूठ फुटलीही पाहिजे, हे त्यांनी कोरड्या पिठावर करून दाखवले. मोहन कमी पडले तर पापडी कडक आणि चिवट होते. फार झाले तर ती तेलातच विरू लागते. गोळा पुरीच्या पिठापेक्षा घट्ट होता आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास विसावला होता.

लाटण्याची पद्धत मला विशेष आवडली. एकेक लाटी न घेता ते मोठी पोळी लाटत होते आणि वाटीच्या धारेने त्यातून अडीच बोटे रुंदीच्या चकत्या पाडत होते. पोळीची जाडी सगळीकडे सारखी, साधारण २ मिलिमीटर. कारण मधे जाड आणि कडेला पातळ अशी चकती असेल, तर कड करपेपर्यंत मध्य कच्चाच राहतो. पाटावर कोरडे पीठ मात्र त्यांनी चिमूटभरही टाकले नाही. ते पीठ तेलात सुटते, तळाशी जळते आणि पुढचे सगळे घाणे काळवंडतात.

त्यानंतर टोचे. काट्याने प्रत्येक चकतीवर आठ-दहा टोचे, तेही पाटाला टेकेपर्यंत आरपार. वरवर टोचलेले भोक तेलात पडताच मिटते आणि आत कोंडलेली वाफ चकतीचे दोन पदर वेगळे करून तिला फुगवते. पुरीला जे भूषण तेच पापडीला दूषण: फुगलेल्या पापडीचे पापुद्रे इतके पातळ असतात की बटाटा आणि दही ठेवताच ती खचते. टोचलेल्या चकत्या थोडा वेळ कापडावर पसरून ठेवल्या होत्या, म्हणजे पृष्ठभागावरची ओल आधीच उडून जाते आणि तळताना फोड कमी येतात.

तळणीपाशी मी सर्वांत जास्त वेळ बसले. पिठाचा एक कण तेलात सोडला. तो तळाशी गेला, क्षणभर थांबला आणि बारीक बुडबुडे काढत सावकाश वर आला. तापमापक असता तर त्याने साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस दाखवले असते. कण टाकताच उसळून वर आला तर तेल जास्त तापलेले असते; तळाशीच बसून राहिला तर थंड असते आणि पापडी तेल पिऊन बसते. एक घाणा कढईत पडताच तेलाची उष्णता उतरते, म्हणून त्यांनी आच थोडी वाढवली आणि बुडबुडे स्थिरावताच पुन्हा कमी केली. पहिली दोन मिनिटे झारा लावलाच नाही. मग चकत्या तरंगू लागल्यावर त्या उलटल्या आणि पुढे सतत हलवत ठेवल्या.

पाच मिनिटांनी पापडीला सुरेख बदामी रंग आला आणि मला वाटले, झाले. त्यांनी मान हलवली, "अभी पानी है, दीदी." त्यांचे लक्ष रंगाकडे नव्हते, ते बुडबुड्यांकडे पाहत होते. तळणीतला प्रत्येक बुडबुडा म्हणजे पिठातून निघणारी वाफ. त्या बुडबुड्यांचा फेस विरळ होत गेला, खळखळ जवळपास थांबली, तेव्हा कुठे साधारण आठव्या मिनिटाला घाणा निघाला. तेज आचेवर हाच रंग दोन मिनिटांत येतो, मात्र मधले पाणी आतच राहते. पापडी गरम असताना कुरकुरीत लागते आणि रात्रभरात ते पाणी बाहेरच्या कवचात पसरून तिला मऊ करते. गोदौलियाला माझ्या बशीत आलेली पापडी बहुधा अशीच घाईची होती.

इतक्यात एका चाटवाल्याकडचा मुलगा धावत आला. त्याला तोच गरम घाणा पिशवीत भरून हवा होता. कारागिरांनी साफ नकार दिला. मुलगा हटून बसला, तेव्हा त्यांनी चार गरम पापड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधले आणि ती त्याच्या हातात दिली. थोड्याच वेळात पिशवीच्या आतल्या बाजूला धुके धरले, मग त्याचे बारीक थेंब झाले. मुलगा काही न बोलता ओट्यावर बसून राहिला. गिऱ्हाईक परत जाईल याची पर्वा न करता त्याला थांबवणारा माणूस पाहून मला फार आदर वाटला.

उरलेला घाणा चाळणीवर एकेरी, शक्यतो उभा, एकमेकांना टेकवून मांडला होता, म्हणजे दोन्ही बाजूंना वारा लागतो आणि तेलही निथळते. ढीग केला तर मधल्या पापड्या एकमेकींच्या वाफेने सादळतात. अर्ध्या तासाने त्यांनी एक पापडी मोडून मला दिली. मोडताना स्वच्छ टणत्कार आला आणि मोडलेल्या कडेला काठापासून मध्यापर्यंत एकच रंग दिसला. मध्ये फिकट, पिठूळ रेघ असती तर तो घाणा मंद आचेवर पुन्हा तळावा लागला असता. हात लावल्यावर अजिबात ऊब जाणवेनाशी झाली, तेव्हाच पापडी पत्र्याच्या डब्यात गेली.

मीही काही पापडी विकत घेतली. घट्ट झाकणाच्या डब्यात ती पंधरा-वीस दिवस कुरकुरीत राहते. त्यापुढे मोडल्याचा आवाज तसाच असला तरी तेलाला खवट वास येऊ लागतो. पावसाळी हवेत डबा वरचेवर उघडल्याने सादळलेली पापडी कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दहा मिनिटे ठेवून पूर्ण गार केली की पुन्हा कुरकुरीत होते. खवटपणावर मात्र काहीच उपाय नाही.