चार एन्ट्र्या होत्या, फ्रॉडच्या तीनच

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना असलेले एक अण्णा आमचे जुने क्लायंट, मी त्यांचं जीएसटीचं बघतो. मागच्या महिन्यात दुपारी पावणेचारला घाम पुसत ऑफिसात आले, करंट अकाउंटमधून पैसे गेले म्हणून. व्हॉट्सॲपवर केवायसीची एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल आली होती, ती त्यांनी उघडली, एसएमएसची परमिशन दिली, कार्ड नंबरही टाकला. त्यामुळे ओटीपी थेट चोराकडं जात होते आणि डेबिटचा एकही मेसेज अण्णांना दिसला नाही.

आधी बँकेला सांगून खातं ब्लॉक केलं, मग लगेच सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावायचा होता. भाचा म्हणत होता मोबाईल फॉरमॅट मारू, मी म्हटलं हात लावू नको, तोच पुरावा आहे. फ्लाइट मोडवर टाकला आणि त्या ॲपचे, चॅटचे फोटो दुसऱ्या फोननं काढले.

कॉम्प्युटरवर स्टेटमेंट काढलं तर चार डेबिट, एकूण 3,82,200. अण्णा म्हणाले चारही लिहा. पण स्टेटमेंटवर फक्त तारीख असते, वेळ नसते, आणि मला वेळ पाहिजे होती, म्हणून ईमेल अलर्ट उघडले, ते ॲपला अडवता आले नव्हते. 2:52 ला 99,500, 2:56 ला 1,49,000, 3:01 ला 48,700, तिन्ही आयएमपीएस. चौथं 85,000 चं, 2:31 चं, एनईएफटी. एपीके आली 2:40 ला, मग त्याच्या आधीच पैसे कसे जातील? दिवाणजींना फोन केला तर ते सुताच्या व्यापाऱ्याचं पेमेंट निघालं! ते तक्रारीत गेलं असतं तर त्या बिचाऱ्याच्या खात्यावर होल्ड लागला असता आणि आमची बाकीची तक्रारही कच्ची पडली असती.

मग 1930 ला तीनच सांगितले, 2,97,200, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी नंबर, यूटीआर, दोनदा वाचून दाखवला, कारण एक आकडा चुकला की समोरची बँक व्यवहार शोधणार कसा.

संध्याकाळी cybercrime.gov.in वर सविस्तर भरायला बसलो. अण्णांनी कागदावर लिहून आणलेलं, "मी ओटीपी दिला असेल." मी विचारलं, कुणाला सांगितला का? नाही म्हणाले. मग जे केलंच नाही ते कशाला लिहायचं? ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला असेल तर नुकसान कुणाचं हे ठरवताना बँक तेच पुढं करते. पण कार्ड नंबर टाकला ते लिहायला लावलं, ते लपवून चालणार नव्हतं, अण्णांचा चेहरा पडला तरी. वेळेच्या क्रमानं साधी वाक्यं लिहिली: 2:40 ला फाइल आली, मी उघडली, 2:52 ला पहिला डेबिट, 3:40 ला कळलं. प्रत्येक वाक्यापुढं कुठला स्क्रीनशॉट ते.

1,49,000 पुढच्या एका खात्यात होल्ड झालेत. ते परत मिळायला कोर्टाची ऑर्डर लागते, त्या अर्जालाही हीच टाइमलाइन जोडलीय. बाकीचे दोन आधीच एटीएममधून निघून गेले होते.